‘६९ लाखांपासून’ म्हणजे नेमके किती?

वाकडहून रावेतकडे महामार्गाने निघालं की दोन्ही बाजूंना गृहप्रकल्पांचे फलक लागतात. प्रत्येकावर एक हसरं कुटुंब, एक उंच इमारत आणि चार ओळी. संध्याकाळी घरी आल्यावर मोबाईल उघडला की तीच इमारत आणि त्याच चार ओळी पुन्हा समोर येतात. आमच्या धंद्यात या ओळींना कॅप्शन म्हणतात आणि त्या लिहिणं हे माझं काम आहे. पुण्यात घर शोधणाऱ्या बहुतेक माणसांची घराशी पहिली ओळख या चार ओळींतून होते. कोणती साईट पाहायला जायचं, आईवडिलांना काय सांगायचं, बँकेत कोणता आकडा घेऊन जायचं, हे सगळं त्यावरून ठरतं. म्हणून या ओळी कशा वाचायच्या आणि खरं तर कशा लिहायला हव्यात, ते एका उदाहरणावरून नीट मांडावंसं वाटतं.

पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्याच्या एका बांधकामाधीन प्रकल्पाची कॅप्शन घेऊ. प्रकल्प काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक ओळ रोज कुठे ना कुठे छापून येते: ‘हिंजवडी आयटी पार्कपासून फक्त ५ मिनिटांवर! २४ मीटर डीपी रोड टच. ४०हून अधिक जागतिक दर्जाच्या सुविधा. प्रशस्त २ बीएचके फक्त ₹६९ लाखांपासून*.’ शेवटची चांदणी विसरू नका. ती अगदी बारीक असते आणि तिचा खुलासा फलकाच्या तळाशी त्याहूनही बारीक अक्षरात असतो.

सुरुवात किमतीपासून करू, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते.

६९ लाख हा आकडा खोटा नसतो. प्रकल्पात त्या किमतीचा एखादा तरी फ्लॅट असतोच. तो सहसा सर्वांत लहान, खालच्या मजल्यावरचा आणि कचऱ्याच्या खोलीकडे किंवा शेजारच्या भिंतीकडे तोंड केलेला असतो. शिवाय ती त्या फ्लॅटची नुसती मूळ किंमत असते. समजा एका कुटुंबाला त्याच आकाराचा, ६२ चौरस मीटर कार्पेटचा फ्लॅट नवव्या मजल्यावर हवा आहे. साईटवर गेल्यावर सेल्सची मुलगी छापील फॉर्म पुढे सरकवते. त्याला कॉस्ट शीट म्हणतात आणि खरी किंमत पहिल्यांदा दिसते ती तिथे. मूळ किंमत ६९ लाख. वरच्या मजल्यासाठी फ्लोअर राइज १ लाख ६० हजार. आच्छादित पार्किंग ४ लाख. रस्ते, ड्रेनेज, वीज वगैरेंसाठी इन्फ्रास्ट्रक्चर आणि विकास आकार २ लाख ४० हजार. बेरीज ७७ लाख. करारात हीच किंमत लिहिली जाते आणि पुढचे कर तिच्यावरच लागतात.

बांधकाम चालू असलेल्या घराला ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३ लाख ८५ हजार. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे. त्यात मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रोचा १ टक्का येतो. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. आपल्या उदाहरणात ती धरलेली नाही, म्हणून शुल्क झालं ५ लाख ३९ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. एवढं मिळून ८६ लाख ५४ हजार झाले. मग सोसायटी स्थापनेचा खर्च आणि देखभालीचे आगाऊ पैसे धरून आणखी १ लाख २० हजार. घरात पाऊल टाकेपर्यंत ८७ लाख ७४ हजार लागले. फलकावरच्या आकड्यापेक्षा हे १८ लाख ७४ हजारांनी जास्त आहेत, म्हणजे २७ टक्क्यांनी.

या फरकाचा खरा चटका कर्जाच्या वेळी बसतो. ३० ते ७५ लाखांच्या दरम्यानच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरता येत नाही. फलक पाहून कुटुंबाने हिशेब मांडला असेल, ६९ लाखांवर ५५ लाख २० हजार कर्ज मिळेल, आपले १३ लाख ८० हजार घालू. प्रत्यक्षात ७७ लाखांवर जास्तीत जास्त ६१ लाख ६० हजार कर्ज मिळतं आणि जीएसटी बँकेने धरला नाही तर स्वतःचे २६ लाख १४ हजार उभे करावे लागतात. कर्जाचा हप्ता वाढला तो वेगळाच. तोपर्यंत बहुतेकांनी बुकिंगचे लाखभर रुपये भरलेले असतात. मग दागिने मोडले जातात, नाहीतर गावाकडच्या भावाला फोन जातो. चांदणीने झाकलेल्या आकड्याची किंमत अशी चुकवावी लागते, आणि म्हणून मला तो प्रकार मुळीच मान्य नाही.

‘₹४४.९९ लाख’ असा आकडाही तुम्ही पाहिला असेल. तो नऊचा मोह नाही, त्यामागे कर आहे. पुण्यात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असलेलं घर परवडणारं घर ठरतं आणि त्याला जीएसटी फक्त १ टक्का लागतो. मुंबई महानगर प्रदेशात कार्पेटची हीच मर्यादा ६० चौरस मीटर आहे. पण ४५ लाखांत फक्त मूळ किंमत मोजायची नसते. पार्किंग, विकास आकार, चांगल्या जागेचे वेगळे पैसे, बिल्डर जे जे घेतो ते सगळं त्यात येतं. तेव्हा ४४.९९ लाखांच्या घराला २ लाखांचं पार्किंग जोडलं की किंमत ४६.९९ लाख होते आणि कर १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर जातो. ४५ हजारांच्या जागी जवळपास २ लाख ३५ हजार. म्हणजे पार्किंग २ लाखांचं नसून खरं तर ३ लाख ९० हजारांचं पडलं. कॅप्शनमध्ये ‘पार्किंग धरून’ किंवा ‘पार्किंगशिवाय’ एवढे दोन शब्द असते तर हे आधीच कळलं असतं.

‘जीएसटी नाही’ ही ओळही अशीच वाचावी. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घराला कायद्यानेच जीएसटी लागत नाही. ती बिल्डरने दिलेली भेट नाही. बांधकाम चालू असताना ‘जीएसटी आणि स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून’ असं लिहिलं असेल तर ते पैसे मूळ दरात बसवले आहेत का, हे महिन्यापूर्वीच्या कॉस्ट शीटशी ताडून पाहावं. ‘पार्किंग मोफत’ दिसलं तर पार्किंग उघडं आहे की आच्छादित हे विचारावं, कारण उघड्या जागेतलं पार्किंग विकण्याचा अधिकार बिल्डरला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच नहालचंद खटल्यात सांगून ठेवलं आहे. जे विकताच येत नाही ते मोफत दिलं म्हणून मिरवण्यात अर्थ नाही.

आता ‘प्रशस्त’. हा शब्द मी गाळते. त्याऐवजी कार्पेट लिहिते. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली आहे. घराच्या आतली वापरता येणारी जागा आणि आतल्या भिंती त्यात येतात; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची येत नाही. ६२ चौरस मीटर म्हणजे ६६७ चौरस फूट. जुन्या सुपर बिल्ट-अपच्या पद्धतीने त्यावर ४० टक्के लोडिंग चढवलं की तेच घर ९३४ चौरस फुटांचं दिसतं, म्हणजे जिना, लिफ्ट आणि लॉबीचा वाटा तुमच्या घरात मोजला जातो. हल्ली कोणी उघडपणे सुपर बिल्ट-अप छापत नाही, पण ‘वापरायोग्य क्षेत्र’ म्हणून कार्पेट आणि बाल्कनी एकत्र करण्याची सवय आहे. दोन्ही आकडे वेगळे लिहिले की प्रश्नच मिटतो. दिवाणखान्यात सोफा बसेल का, हे ‘प्रशस्त’वरून ठरत नाही, १० फूट बाय १६ फूट या मापावरून ठरतं.

किमतीनंतर ठिकाण. ‘फक्त ५ मिनिटांवर’ ही ओळ लिहून द्या म्हणून आग्रह होतो तेव्हा मी दोन गोष्टी विचारते: कुठून कुठपर्यंत, आणि किती वाजता? हिंजवडी म्हणजे एक ठिकाण नाही. फेज १ चा शिवाजी चौक आणि फेज ३ चं टोक यांत कित्येक किलोमीटरचं अंतर आहे. पुनावळ्याहून जाणारा माणूस सर्व्हिस रोडने भूमकर चौकात येतो आणि सकाळी नऊ वाजता तिथे काय असतं ते त्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. पाच मिनिटांत तिथे रात्री अकराला पोचता येतं, तेही फेज १ च्या वेशीपर्यंत. एका सेल्स मॅनेजरने मला म्हटलं होतं, ‘मॅडम, किलोमीटर कोण वाचतं? मिनिटं लिहा.’ पण किलोमीटर बदलत नाहीत, मिनिटं बदलतात. म्हणून अंतर लिहावं ते प्रकल्पाच्या फाटकापासून, रस्त्याने, किलोमीटरमध्ये. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं हवाई अंतर नव्हे, कारण मधे महामार्ग असेल तर पलीकडे जायला भुयारी मार्गापर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो. वेळ द्यायचीच असेल तर ‘कामाच्या दिवशी सकाळी ९ वाजता ३५ ते ४० मिनिटं’ असं मोजून लिहावं. हे वाचून काही लोक येणार नाहीत हे खरं. पण जे येतील ते वाहतूक माहीत असूनच येतील.

दुसरी ओळ, ‘२४ मीटर डीपी रोड टच’. ती बाहेरच्या माणसाला भारी वाटते. डीपी म्हणजे विकास आराखडा. महापालिकेने आराखड्यात २४ मीटर रुंदीची रेघ ओढली आहे एवढंच त्यातून खात्रीने कळतं. जमीन ताब्यात आली आहे का, रस्ता झाला आहे का, हे कळत नाही. साईटवर गेल्यावर कित्येकदा दोन शेतांमधली कच्ची वाट दिसते, मधे एखाद्याचा गोठा असतो आणि जमिनीच्या मोबदल्याचा वाद चालू असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांतही काही झालं नाही तर आरक्षणच रद्द ठरतं. म्हणून रस्त्याबद्दल लिहिताना आज काय आहे ते आधी यावं: ‘सध्याचा रस्ता ६ मीटर डांबरी, आराखड्यात २४ मीटर’. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही कळायला हवं.

‘प्रस्तावित’ या शब्दाचंही तसंच. नवी मुंबई विमानतळाची गोष्ट बघा. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला तत्त्वतः मंजुरी दिली २००७ मध्ये, पायाभरणी झाली फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. या मधल्या काळात उलवे, पनवेल परिसरातली घरं विमानतळाच्या नावावर विकली गेली. विमानतळ झाला, हे खरं. पण २००८ मध्ये चाळिशीत घर घेतलेला माणूस विमान उडेपर्यंत निवृत्तीच्या उंबरठ्यावर आला. कॅप्शनमध्ये मेट्रो, विमानतळ, रिंग रोड यांचा उल्लेख करायला माझी हरकत नाही. मात्र ते मंजूर आहे, काम चालू आहे की सुरू झालं आहे, यांतलं एक स्पष्ट लिहावं. स्टेशन अजून उभं राहिलेलं नसेल तर त्याच्यापासून ‘चालत तीन मिनिटं’ हे लिहूच नये.

जागेच्या नावाची ओढाताणही थांबायला हवी. प्रसिद्ध भागापुढे ‘न्यू’ किंवा ‘अ‍ॅनेक्स’ लावून दोन गावं पलीकडची जमीन त्या भागात आणून बसवतात. महारेराच्या नोंदीत गाव, तालुका आणि गट नंबर किंवा सर्व्हे नंबर असतो. सातबारावर जे गाव आहे तेच कॅप्शनमध्ये पहिलं यावं. त्यापुढे ओळखीची खूण खुशाल द्यावी.

सुविधांच्या ओळीत मोठी संख्या ही आकर्षणाची गोष्ट मानली जाते. चाळीसचा आकडा कसा होतो ते मी जवळून पाहिलं आहे. बागेत एक हिरवळीचा तुकडा असतो. त्यावर सकाळी योगा होईल म्हणून योगा डेक ही एक सुविधा. बाजूच्या दगडावर बसता येईल म्हणून ध्यान कोपरा ही दुसरी. तिथेच दोन बाकं टाकली की ज्येष्ठ नागरिक कट्टा ही तिसरी. त्याच बागेतली पायवाट जॉगिंग ट्रॅक म्हणून चौथी आणि तिच्यावर खडे टाकले की ॲक्युप्रेशर वॉक म्हणून पाचवी. जागा एकच आणि माळीही एकच. आकड्याऐवजी सहा ठळक गोष्टी मापासह लिहिल्या तर वाचणाऱ्याला कितीतरी जास्त कळतं: क्लब हाउस किती चौरस मीटर, पोहण्याचा तलाव किती लांब, मुलांचं मैदान इमारतींच्या मधे आहे की पोडियमवर.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुविधा कधी मिळणार. मोठे प्रकल्प टप्प्याटप्प्याने बांधले जातात आणि प्रत्येक टप्प्याची महारेराकडे वेगळी नोंदणी होते. कॅप्शन पहिल्या टप्प्याची असते, चित्रातलं क्लब हाउस मात्र तिसऱ्या टप्प्यात असतं. पहिल्या टप्प्याचे लोक राहायला येतात आणि पुढची तीन-चार वर्षं समोर क्रेन आणि धूळ पाहत देखभालीचे पैसे भरतात. हे टाळण्यासाठी सुविधांचा तपशील आणि त्या कधी हाती येणार हे विक्री करारात लिहून देण्याचा आग्रह महारेराने धरला आहे. पार्किंगबाबतही २०२४ मध्ये आदेश निघाला. त्याप्रमाणे आच्छादित पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि ते नेमकं कुठे आहे हे कराराच्या परिशिष्टात द्यावं लागतं, कारण खांबाला चिकटून आखलेल्या जागेत गाडी आत जायची पण दार उघडायचं नाही, अशा तक्रारी ढिगाने होत्या. करारात तारीख लिहायचीच असेल तर कॅप्शनमध्ये ‘क्लब हाउस टप्पा ३ मध्ये’ एवढं लिहायला काय अडचण आहे?

आणि ज्या सुविधांवाचून खरोखर अडतं त्या फलकावर कधीच दिसत नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिका दिवसाआड पाणी सोडते. अशा शहरात पाणी नळाचं आहे, बोअरचं आहे की टँकरचं, आणि साठवण टाकी किती मोठी, ही सर्वांत मोठी सुविधा आहे. एका मजल्यावर किती फ्लॅट आणि त्यांना किती लिफ्ट, वीज गेल्यावर जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्याला की घरातल्या दिव्यांनाही, हे विचारणाऱ्या आजी मी साईटवर पाहिल्या आहेत आणि त्यांचे प्रश्न अगदी मोलाचे होते. तलाव, जिम, क्लब हाउस यांची देखभाल दरमहा रहिवाशांनाच करावी लागते, तेव्हा सुविधांच्या यादीशेजारी देखभालीचा अंदाजे मासिक दरही यायला हवा. पाण्याविषयी मी स्वतः होऊन लिहिते. लिहू नका असं कोणी सांगितलं तर का ते विचारते.

चित्रांविषयी थोडक्यात. संगणकावरच्या चित्रात इमारतीमागे डोंगर आणि पुढे बाग असते. बाग प्रकल्पाची आहे की महापालिकेकडे द्यायच्या अ‍ॅमेनिटी स्पेसवर कल्पनेने उगवली आहे, हे ले-आउटवरून कळतं. शेजारचा प्लॉट मोकळा असेल तर ‘कायम डोंगर दर्शन’ असं लिहू नये. उद्या तिथे वीस मजले उभे राहू शकतात आणि ते थांबवणं कोणाच्याच हातात नाही.

आता मूळच्या चार ओळी नव्याने लिहू. मजला दुसरा धरला तर फ्लोअर राइज नाही, म्हणून करारमूल्य ७५ लाख ४० हजार होतं आणि कर धरून ८४ लाख ७५ हजार.

‘पुनावळे. हिंजवडी फेज १ चा शिवाजी चौक रस्त्याने ६ किमी, फेज ३ सुमारे ११ किमी. समोरचा रस्ता आज ६ मीटर, आराखड्यात २४ मीटर. २ बीएचके: कार्पेट ६२ चौ. मी., बाल्कनी ५ चौ. मी. वेगळी. चार फ्लॅटना दोन लिफ्ट. बाग आणि मैदान या टप्प्यात, क्लब हाउस आणि तलाव टप्पा ३ मध्ये. पाणी: महापालिकेची जोडणी, उन्हाळ्यात टँकर लागू शकतो. करारमूल्य दुसऱ्या मजल्याला ₹७५.४० लाख, एक आच्छादित पार्किंग धरून. जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसह सुमारे ₹८४.७५ लाख, देखभालीचे आगाऊ ₹१.२० लाख वेगळे. ताबा: महारेरा नोंदीतील तारखेनुसार.’

ही जुनीपेक्षा लांब आहे. फलकावर हे सगळं मावणार नाही आणि मावायलाही नको. महामार्गावरून जाणाऱ्याला गाव, कार्पेट, सगळं धरून किंमत आणि नोंदणी क्रमांक पुरे. बाकीचं मोबाईलवरच्या चित्राखाली आणि माहितीपत्रकात येतं. सेल्सच्या टीमची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, शेजारचा ६९ म्हणतोय, आपण ८४ म्हटलं तर फोनच वाजणार नाही. फोन कमी वाजतील, हे मी मान्य करते. पण ६९ पाहून आलेली माणसं कॉस्ट शीट हातात पडली की अर्ध्यावर उठतात. त्यांच्यासाठी गाडी पाठवलेली असते, चॅनल पार्टनरचा अर्धा दिवस गेलेला असतो, आणि ती माणसं घरी जाऊन चार जणांना सांगतात की तिथे आकडे वेगळेच निघाले. ज्याचं बजेट खरंच ८५ लाख आहे, तो तर ६९ ची जाहिरात पाहून हे आपल्यासाठी नाही म्हणत पुढे गेलेला असतो.

शिवाय हे फक्त सौजन्याचं प्रकरण नाही. रेरा कायद्यात जाहिरातीची व्याख्या फार रुंद आहे. कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही स्वरूपात लोकांना प्रकल्पाची माहिती देणं किंवा विक्रीचं आमंत्रण देणं ही जाहिरात ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं चित्र आणि त्याखालच्या ओळीही त्यात येतात. कलम ३ प्रमाणे नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही, म्हणून ‘लवकरच येत आहे, आजच इच्छापत्र द्या’ असा प्री-लाँचचा मेसेज नोंदणी क्रमांकाशिवाय आला तर पैसे अजिबात देऊ नका. आणि कलम १२ हे या सगळ्याचं मूळ आहे. जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. खरेदीदाराला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना त्याच्या जोडीला आहेत. खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असावा, तो ठळक जागी असावा आणि मूळ दाव्याला छेद देणारा नसावा, असं त्या सांगतात. ‘फक्त ६९ लाख’ मोठ्या मराठी अक्षरांत आणि ‘इतर आकार वेगळे’ तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत, हे त्या सूचनांच्या सरळ विरुद्ध आहे.

वाचणाऱ्याच्या हातातलं सर्वांत सोपं साधन म्हणजे क्यूआर कोड. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने तो प्रत्येक जाहिरातीत सक्तीचा केला आहे. नंतर २०२५ मध्ये नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ आणि हा कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात ठळकपणे छापायला सांगितलं. तो नसेल तर बिल्डरला ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कोड स्कॅन केला की त्या प्रकल्पाचं महारेराच्या संकेतस्थळावरचं पान उघडतं. कोड नसेल तर maharera.maharashtra.gov.in वर नोंदणी क्रमांक टाकून पाहता येतं. तिथे आधी नोंदणी कुठल्या टप्प्याची आहे ते पाहा, मग पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली आहे ते. मंजूर नकाशे, गाव आणि गट नंबर, प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटचं कार्पेट आणि न्यायालयीन वाद असतील तर तेही तिथे सापडतात. कॅप्शनमधला एखादा शब्द या पानावरच्या माहितीशी जुळत नसेल तर सेल्सच्या माणसाला तोंडी विचारू नका. कॅप्शनचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, तो ई-मेलला जोडा आणि एवढंच लिहा: या जाहिरातीत म्हटलेलं करारात येणार आहे का, आणि नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटची सगळे कर धरून एकूण रक्कम किती, हे लेखी कळवावे. १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करार झाल्याशिवाय घेता येत नाही, हे कलम १३ त्यांनाही माहीत असतं. उत्तर आलं तर ते कराराच्या मसुद्याशी ओळीओळीने ताडता येतं. उत्तरच आलं नाही तर बुकिंगचा चेक लिहायचा की नाही हे तुम्हाला ठरवता येतं. आणि चेक आधीच दिला असेल, तर तोच स्क्रीनशॉट आणि तोच ई-मेल महारेराकडे ५ हजार रुपये शुल्क भरून केलेल्या तक्रारीला जोडता येतो.